कमी पगाराची पहिली नोकरी आणि डोक्यावरचे शैक्षणिक कर्ज : एका निर्णयाचा अभ्यास

सांगली जिल्ह्यातील एका मुलीने मेकॅनिकल इंजिनिअरिंगची पदवी घेतली, तेव्हा तिच्या हातात दोन नोकऱ्यांची पत्रे होती. एक हिंजवडीतील सॉफ्टवेअर कंपनीचे होते. काम ग्राहकांच्या तक्रारी सोडवण्याचे, पाळ्यांमध्ये, आणि पगार वर्षाला ४ लाख ८० हजार. दुसरे भोसरी एमआयडीसीतील एका टूलरूमचे. तेथे प्लास्टिकच्या भागांचे साचे, म्हणजे मोल्ड, तयार होतात. काम ट्रेनी डिझायनरचे आणि पगार महिना २०,०००. मुलीचा ओढा दुसऱ्या कामाकडे होता आणि घरच्यांचा पहिल्याकडे. घरच्यांची भीती निराधार नव्हती, कारण शैक्षणिक कर्जावर सहकर्जदार म्हणून वडिलांची सही होती. मी अनेक वर्षे बँकेच्या कर्जविभागात काम केलेले असल्यामुळे वडील तिला घेऊन माझ्याकडे आले. त्यानंतर आम्ही तिघांनी जो हिशेब मांडला, तो येथे सविस्तर देत आहे. मुलीची ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत आणि आकडे समजण्यास सोपे जावेत म्हणून थोडे गोल केले आहेत.

कर्ज किती आहे, या प्रश्नाला वडिलांचे उत्तर होते, "सहा लाख चाळीस हजार." बहुतेक घरांत उत्तर याच पद्धतीने दिले जाते, आणि ते अपुरे असते. बँकेने चार वर्षे दरवर्षी १ लाख ६० हजार रुपये महाविद्यालयाला दिले होते, म्हणून मुद्दल ६ लाख ४० हजार हे बरोबरच होते. परंतु शैक्षणिक कर्जावर व्याज पहिल्या दिवसापासून चढते. अभ्यासक्रमाचा काळ आणि त्यानंतरचे एक वर्ष हप्ता मागितला जात नाही. या सवलतीच्या काळात व्याज सरळव्याजाने मोजले जाते आणि परतफेड सुरू होताना मुद्दलात मिळवले जाते. दर १० टक्के धरला तर पहिल्या वर्षाच्या रकमेवर पाच वर्षांचे, दुसऱ्यावर चार वर्षांचे, तिसऱ्यावर तीन आणि चौथ्यावर दोन वर्षांचे असे मिळून २ लाख २४ हजार व्याज होते. म्हणजे पहिला हप्ता भरण्याच्या दिवशी खरे कर्ज ८ लाख ६४ हजार असणार होते. केंद्र सरकार या काळातील व्याज भरते ती योजना वार्षिक ४ लाख ५० हजारांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांसाठी आहे. वडील साखर कारखान्यात कारकून होते आणि त्यांचे उत्पन्न त्या मर्यादेच्या थोडे वर असल्यामुळे हा आधार त्यांना नव्हता.

हा आकडा ऐकून वडील काही वेळ बोललेच नाहीत. मग ते मुलीला म्हणाले, "बाळा, मग हिंजवडीच बरं." माझे मत मात्र त्या क्षणी असे होते की अजून काहीच ठरवता येत नाही, कारण दोन्ही पगारांपैकी खरा पगार कोणता आहे, हेच आम्हाला माहीत नव्हते.

पत्रावरचा पगार आणि हातातला पगार

४ लाख ८० हजारांना बाराने भागले की महिना ४०,००० येतात, आणि घरात सगळे याच आकड्यावर बोलत होते. पत्रासोबतचा तक्ता उघडला तेव्हा त्यात ३८,४०० रुपये वार्षिक कामगिरीवर अवलंबून असल्याचे दिसले. ते वर्षअखेरीस मिळणार, आणि पूर्ण मिळतीलच असे नाही. भविष्यनिर्वाह निधीतील कंपनीचा वाटा १,८०० आणि ग्रॅच्युइटीची तरतूद सुमारे ९६० ही रक्कमसुद्धा त्याच ४०,००० मध्ये मोजलेली होती. त्यानंतर तिचा स्वतःचा निधीचा वाटा १,८०० आणि व्यवसाय कर २०० वजा झाले की दरमहा खात्यात सुमारे ३२,००० जमा होणार होते. टूलरूमचे २०,००० हे मात्र हातात येणारेच होते. महाराष्ट्रात महिलांना महिना २५,००० पर्यंतच्या पगारावर व्यवसाय कर नाही, त्यामुळे तेथे तीही कपात नव्हती. घरात ज्याला दुप्पट पगार म्हटले जात होते तो प्रत्यक्षात महिना १२,००० चा फरक होता. फरक मोठाच होता, पण त्याला आता एक निश्चित आकार आला होता.

कोणीतरी वडिलांना सांगितले होते की शैक्षणिक कर्जाच्या व्याजावर आयकरात सूट मिळते, म्हणून मोठा पगार घ्यावा. ही सूट, म्हणजे कलम ८०-ई, जुन्या करपद्धतीतच मिळते. नव्या पद्धतीत २०२५-२६ पासून १२ लाखांपर्यंतच्या पगारी उत्पन्नावर करच लागत नाही, त्यामुळे दोन्ही नोकऱ्यांत या सुटीचा तिला काही उपयोग नव्हता. हा मुद्दा आम्ही तेथेच सोडला.

वाढेल, हे कशावरून?

कमी पगाराची बाजू घेणारे नेहमी म्हणतात की पुढे पगार वाढेल. हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आहे की आता मी त्यावर एकच प्रश्न विचारतो: वाढ कंपनीच्या आश्वासनात आहे की हातात येणाऱ्या कसबात? कंपनीचे आश्वासन मंदी आली की मागे घेतले जाते. कसब दुसऱ्या दारी नेता येते. म्हणून मी मुलीला सांगितले की टूलरूमच्या मालकांना भविष्याबद्दल काही विचारू नकोस. तेथे एक दिवस बसण्याची परवानगी माग, आणि दोन-तीन वर्षांपूर्वी ट्रेनी म्हणून आलेले आज नेमके काय करतात ते बघ.

ती एक शनिवार तेथे बसली. परत आल्यावर तिने जे सांगितले त्यातून मला त्या कामाची किंमत कळली. एका घरगुती उपकरणाच्या झाकणाचा साचा संगणकावर उघडला होता. झाकणाच्या आतल्या बाजूला मजबुतीसाठी उभ्या पट्ट्या होत्या. ज्येष्ठ डिझायनरने पडद्यावर बोट ठेवून विचारले, "ही पट्टी एवढी जाड ठेवली तर बाहेरून काय दिसेल?" तिला सांगता आले नाही. पट्टी जाड असली की तेथील प्लास्टिक उशिरा थंड होते, आत ओढले जाते आणि झाकणाच्या चकचकीत बाजूवर खळगा पडतो. शिवाय थंड होताना प्लास्टिक आकसते. एबीएस या प्रकारचे प्लास्टिक साधारण अर्धा टक्का आकसते, पॉलीप्रॉपिलीन दीड टक्क्याच्या आसपास, आणि त्या हिशेबाने साच्याची पोकळी मोठी ठेवावी लागते. हे चुकले तर ते पहिल्या ट्रायलला, म्हणजे पोलाद कापून झाल्यावर समजते, आणि कापलेले पोलाद परत जोडून मिळत नाही. वेल्डिंग करून पुन्हा मशीनवर चढवावे लागते आणि ग्राहकाची तारीख हुकते. ही चूक कागदावर असतानाच ओळखणाऱ्या माणसाला पैसे मोजले जातात, आणि ही नजर भोसरीत मिळवली तरी चाकणमध्ये, छत्रपती संभाजीनगरच्या वाळूजमध्ये किंवा बेंगळुरूत तिचा तेवढाच उपयोग होतो.

त्याबरोबर तिने आणखी एक गोष्ट पाहिली, आणि ती मला जास्त महत्त्वाची वाटली. दोन वर्षे झालेल्या तिघांपैकी दोघे संपूर्ण साचा स्वतः रचत होते. तिसरा अजूनही दुसऱ्यांनी केलेल्या साच्यांची ड्रॉइंगे काढून त्यावर मापे टाकत होता, आणि त्याचा पगार जवळजवळ जेथल्या तेथे होता. म्हणजे त्याच छताखाली एक रस्ता वर जाणारा होता आणि एक अडकलेला. ती नोकरी सोडून गेलेल्या दोघांशीही फोनवर बोलली. पाच वर्षांच्या अनुभवावर त्यांना हातात ५० ते ५५ हजार मिळत होते. केवळ पाच जणांच्या माहितीवर सर्वसाधारण नियम बांधता येत नाही, पण पूर्वी तिच्याजवळ तेवढीही माहिती नव्हती.

दोन रेषा कोठे छेदतात

या माहितीवरून आम्ही सात वर्षांचा अंदाज मांडला. हिंजवडीत हातातला पगार ३२,००० पासून सुरू होऊन दरवर्षी सहा-सात टक्क्यांनी वाढत पाचव्या वर्षी ४२,००० आणि सहाव्या वर्षी ४५,००० होईल असे धरले. टूलरूममध्ये पहिल्या वर्षी २०,०००, मग २५,०००, ३४,०००, ४४,०००, ५४,००० आणि सहाव्या वर्षी ६२,००० धरले. चौथ्या वर्षी टूलरूमचा पगार पुढे जातो, हे पाहून मुलगी खुलली. मला तिला थांबवावे लागले, कारण या ठिकाणी बहुतेकांची गल्लत होते. पगार पुढे गेला याचा अर्थ तोटा भरून निघाला असा नव्हे. पहिल्या तीन वर्षांत ती एकूण २ लाख ८२ हजार रुपये कमी मिळवणार होती. चौथ्या वर्षी त्यातले ६०,००० भरून येतात, पाचव्या वर्षी १ लाख ४४ हजार, आणि उरलेले ७८,००० सहाव्या वर्षाच्या पाचव्या महिन्यात. शिवाय कर्ज हळू फिटल्यामुळे सुमारे १ लाख ६० हजार व्याज जास्त जाणार होते. ते धरले तर दोन्ही वाटा खऱ्या अर्थाने समान पातळीवर येतात त्या सातव्या वर्षाच्या सुरुवातीला.

हा झाला चांगला अंदाज. मग आम्ही वाईट अंदाजही मांडला. ती त्या तिसऱ्या मुलासारखी ड्रॉइंगांत अडकली आणि पगार २०,०००, २२,०००, २७,०००, ३३,०००, ३९,००० असा रेंगाळत गेला, तर पाच वर्षांत ५ लाख १० हजारांची तूट पडते आणि सहाव्या वर्षी पगार कसाबसा हिंजवडीच्या बरोबरीला येतो. ही तूट कर्जाच्या आयुष्यात भरून येत नाही. दोन्ही अंदाज एकाच नोकरीचे आहेत, हे लक्षात घेतले पाहिजे. म्हणून "पुढे किती मिळेल" या प्रश्नावर निर्णय टांगून ठेवणे मला योग्य वाटले नाही. मी त्या दोघांपुढे दुसरा प्रश्न ठेवला: वाईट अंदाज खरा ठरला, तरी वडिलांच्या खिशाला हात न लावता हप्ता जाईल का? उत्तर नाही असे आले असते, तर त्या कामातले कसब कितीही मोलाचे असो, मी तिला हिंजवडीला जाण्याचाच सल्ला दिला असता.

याचे कारण वडिलांची सही. हप्ता चुकला तर मुलीबरोबर सहकर्जदाराच्या पतनोंदीवरही डाग पडतो, आणि थकबाकी ९० दिवसांपलीकडे गेली की खाते अनुत्पादक ठरते. वडिलांना दोन वर्षांत घराच्या स्लॅबसाठी कर्ज काढायचे होते. मुलीच्या निवडीची जोखीम त्या स्लॅबवर पडू देणे मला मान्य नव्हते, आणि तिलाही नव्हते.

हप्ता बसवणे

भोसरीत कॉट बेसिसवर राहणे ४,५००, मेस ३,५००, बस आणि फोन मिळून २,०००, बाकी किरकोळ २,००० असा महिना १२,००० खर्च तिने धरला. दुसऱ्या वर्षी १३,०००. पहिल्या वर्षी ८,००० उरत होते, पण त्या वर्षी हप्ता सुरूच होत नव्हता, कारण पदवीनंतरचे एक वर्ष सवलतीचे असते. ही गोष्ट कमी पगाराच्या नोकरीला फार उपयोगी पडते, पण ते पैसे खर्चून टाकले नाहीत तरच. त्यातले ६,००० दरमहा कर्जात भरायचे आणि २,००० वेगळ्या खात्यात ठेवायचे असे ठरले. वर्षअखेर कर्ज ८ लाख ६४ हजारांऐवजी ७ लाख ९२ हजार राहते आणि वेगळ्या खात्यात २४,०००, म्हणजे जवळजवळ तीन हप्ते जमतात.

आता मुदत. वडिलांचा आग्रह सात-दहा वर्षांत मोकळे होण्याचा होता. दहा वर्षांचा हप्ता सुमारे १०,४७० येतो, पंधरा वर्षांचा ८,५१०. दुसऱ्या वर्षी २५,००० पगारातून खर्च जाऊन १२,००० उरतात. त्यात दहा वर्षांचा हप्ता बसतो, पण वाईट अंदाजात ९,०००च उरतात आणि तो बसत नाही. पंधरा वर्षांचा हप्ता तेथेही बसतो, जेमतेम ४९० रुपये राखून. व्याजदर एक टक्क्याने वाढला तर हप्ता तेवढाच वाढतो आणि ही शिल्लकही संपते. मग वेगळ्या खात्यातले तीन हप्ते हाच आधार. इतका अरुंद हिशेब मला आवडत नाही आणि मी तो त्यांच्यापासून लपवला नाही.

पंधरा वर्षांना वडील कचरले, कारण पूर्ण मुदत चालवली तर एकूण व्याज ७ लाख ४० हजार होते. पण लांब मुदत घेतली म्हणजे ती पूर्ण चालवलीच पाहिजे असे नाही. बदलत्या व्याजदराच्या अशा वैयक्तिक कर्जाला मुदतीआधी फेडल्याबद्दल दंड लागत नाही. हप्ता छोटा ठेवणे हे पडत्या काळाचे संरक्षण आहे, आणि पगार वाढला की जास्त भरणे तिच्या हातात आहे. पहिली दोन वर्षे नुसता हप्ता भरला तर २ लाख ४ हजार रुपये जाऊन मुद्दल फक्त ५०,००० ने कमी होते, हे पाहणे क्लेशकारक असते. त्यानंतर, चौथ्या वर्षापासून, महिना २०,००० भरता आले तर उरलेले ७ लाख ४१ हजार पंचेचाळीस महिन्यांत फिटतात आणि परतफेडीच्या काळातले एकूण व्याज ३ लाखांच्या आसपास राहते. हिंजवडीच्या पगारावर ती सुमारे दोन वर्षे आधी मोकळी झाली असती. ही दोन वर्षे म्हणजे त्या कसबाची किंमत, आणि ती किंमत तिला समजून उमजून द्यायची होती.

अटी

निर्णय टूलरूमचा झाला, पण दोन अटींवर. पहिली अट कंपनीसंबंधी होती. नेमणूकपत्रासोबतच्या करारात दोन वर्षे नोकरी न सोडण्याचे बंधन आणि मूळ गुणपत्रिका कंपनीकडे ठेवण्याचे कलम होते. बंधनाबद्दल बोलता येते, पण मूळ कागद देणे म्हणजे अडकलेल्या रस्त्यावरून बाहेर पडण्याचे दार स्वतः लावून घेणे. तिने तसे स्पष्ट सांगितले आणि साक्षांकित प्रती देऊ केल्या. कंपनीने चार दिवस घेतले आणि मान्य केले. मान्य केले नसते, तर आम्ही हा पर्याय सोडला असता.

दुसरी अट तिने स्वतःला घातली. अठरा महिन्यांत एक लहानसा का होईना, पूर्ण साचा तिच्या नावावर झाला पाहिजे. नाही झाला तर पगार काहीही असो, करार संपताच दुसरी जागा शोधायची. पगारापेक्षा ही खूण मला अधिक विश्वासाची वाटते, कारण पगारवाढ वर्षाने दिसते आणि अडकणे त्याच्या बरेच आधी दिसू लागते: रोज येणारे काम कोणत्या प्रकारचे आहे, यावरून.

आज तिचे तिसरे वर्ष चालू आहे. दुसऱ्या वर्षी पगार २५,००० ऐवजी २४,००० झाला. पहिला पूर्ण साचा सोळाव्या महिन्यात मिळाला. बाटलीच्या झाकणाचा, आठ पोकळ्यांचा. तिसऱ्या वर्षाचा पगार ३२,००० आहे, म्हणजे आमच्या चांगल्या अंदाजाच्या थोडा खाली आणि वाईट अंदाजाच्या बराच वर. हप्ता एकदाही चुकलेला नाही. वेगळ्या खात्यातला एक हप्ता मात्र आईच्या आजारपणात वापरावा लागला आणि तो अजून भरून काढायचा आहे.

गेल्या दिवाळीच्या बोनसमधून तिने १५,००० रुपये कर्जखात्यात जास्तीचे भरले आणि मला आनंदाने कळवले. पुढच्या महिन्यात तिच्या बचत खात्यातून हप्ता कापलाच गेला नाही. बँकेच्या यंत्रणेने ती रक्कम आगाऊ हप्ता म्हणून धरली होती, त्यामुळे भरलेले पैसे पुढच्या हप्त्यांपोटी जिरत चालले होते आणि मुदत जशीच्या तशी होती. असे झाले आहे का, हे खातेउताऱ्यावरून कळते: जास्तीची रक्कम भरल्यानंतरही हप्ता ठरल्या तारखेला गेलाच पाहिजे आणि शिल्लक हप्त्यांची संख्या घटलेली दिसली पाहिजे. तिने शाखेत जाऊन लेखी अर्ज दिला की जास्तीची रक्कम मुद्दलात वळती करावी, हप्ता तोच ठेवावा आणि मुदत कमी करावी. तीन आठवड्यांनी सुधारित वेळापत्रक आले. त्यात शेवटच्या टोकाचे सहा-सात हप्ते नाहीसे झाले होते, आणि तो कागद तिने वडिलांना पाठवला.